नेव्ही ब्लू कापडाच्या दोन लॉटमधला फरक : रंग जुळवून कापड बदलून देण्याबाबत

नंदनवन, नागपूर
२८ मे २०२६

भाऊ,
स. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं झालं, पण दुकानात गर्दी होती आणि तुमचं अर्धं लक्ष गल्ल्यावर होतं. म्हणून सगळं कागदावर लिहून पाठवते. सोबत चार तुकडे आहेत. ते हातात घेऊन, दुकानाबाहेर उन्हात उभे राहूनच हे पत्र वाचा.

शाळेच्या युनिफॉर्मसाठी तुमच्याकडून ६५/३५ पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं नेव्ही ब्लू कापड घेतलं, पन्हा ५८ इंच, भाव १८५ रुपये मीटर. ११ मार्चला नमुना पास झाला. त्या तुकड्यावर तुमच्या दुकानाचा शिक्का आणि मुख्याध्यापिकांची सही आहे. २४ एप्रिलला बिल क्र. ३४८ वर १२ तागे आले, २९१ मीटर ४० सेंटिमीटर. १९ मेला बिल क्र. ५१२ वर ८ तागे, १९० मीटर ६० सेंटिमीटर. पहिल्या बाराही ताग्यांच्या चिठ्ठीवर लॉट २१७ आहे, दुसऱ्या आठांवर लॉट २३९. शेड नंबर दोन्हीकडे तोच.

शेड नंबर तोच आहे म्हणून तुमच्या मुलाने "एकच माल आहे ताई" असं सांगितलं आणि मीही मान डोलावली. चिठ्ठीवरचा लॉट नंबर मी त्याच दिवशी वाचायला हवा होता. नाही वाचला. ती चूक माझी, आणि पुढे हिशेबात ती धरली आहे.

मुलींचे १९६ ट्युनिक सगळे लॉट २१७ मधून कापून झाले. त्यात साधारण ३६ मीटर उरलं. ते आणि नवीन लॉटचे दोन तागे, ४७ मीटर, मास्टरने एकाच टेबलावर थर लावून पँटसाठी कापले. कारखान्यात ट्यूबलाइट आहे आणि त्या उजेडात दोन्ही कापडं जुळी दिसतात. ७५ पँटा कापल्या गेल्या, त्यातल्या ४१ शिवूनही झाल्या. मंगळवारी सकाळी काज-बटण झालेल्या पँटा अंगणात दोरीवर टाकल्या आणि ऊन पडताच सगळा खेळ उघडा पडला. काही पँटा नेव्ही, काही जांभळट. काहींचं तर अंग नेव्ही आणि कमरेचा बेल्ट जांभळा. आमच्या शेवंताबाई म्हणाल्या, "ताई, हे जुळे नाही, चुलतभाऊ दिसून राह्यले." बाया हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

बुटीबोरीला एका युनिटात मी सहा वर्षं चेकिंगला होते, त्यामुळे डोळ्यांवर न जाता रीतसर तपासलं. दोन्ही लॉटचे तुकडे एकाच दिशेने, ताण्याला ताणा लावून, शेजारी शेजारी ठेवले आणि तीन उजेडांत पाहिले. ट्यूबखाली ग्रे स्केलवर ४-५ येतो, म्हणजे कोणीही पास करेल. पिवळ्या बल्बखाली ४ पेक्षा कमी. सकाळी आठच्या उन्हात सरळ ३. आम्ही ४-५ च्या खाली माल पुढे जाऊ देत नसू, आणि खरेदीदार अडलेला असला तर फार तर ४.

एका उजेडात जुळतं आणि दुसऱ्यात फाटतं, याचा अर्थ रंग फक्त फिका-गडद झालेला नाही, रंगाची रेसिपीच बदललेली आहे. या कापडात दोन धागे, दोघांना वेगवेगळे रंग लागतात. पॉलिएस्टर साधारण १३० डिग्रीला दाबाखाली रंगतं, व्हिस्कोस नंतर कमी तापमानाला, वेगळ्या रंगाने. दुसऱ्या लॉटला व्हिस्कोसचा निळा बदलला असेल किंवा त्यात लाल जास्त पडला असेल. नेमकं काय झालं ते मिलवाल्यांनी सांगावं. पण "थोडं उन्नीस-बीस चालतं" म्हणून सोडून द्यावं असा हा फरक नाही. उन्नीस-बीस असतं तर ट्यूबखालीही दिसलं असतं.

फोनवर तुमच्याकडून दोन गोष्टी ऐकल्या, त्यांचंही सांगते. पहिली, "दोन धुण्यांत एक होईल." मी दोन्ही तुकडे एकाच बादलीत, एकाच पावडरीत तीनदा धुतले. फरक तसाच आहे, तुकडे पाठवते आहे. दुसरी, "शाळेतल्या पोरांचं कोण पाहते?" भाऊ, शाळेत पहिली गोष्ट होते ती प्रार्थना, आणि ती मैदानात होते. सव्वादोनशे पोरं उन्हात रांगेत उभी. याहून चांगलं चेकिंग टेबल मिलमध्येसुद्धा नसेल.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्या पँटा लॉट २३९ च्याच करा, मुलांची रांग वेगळी असते. हा विचार मी तुमच्याआधी केला होता. पण उरलेले सहा तागे उलगडून पाहिले तर त्यातल्या दोघांत काठाकडे रंग गडद आणि मधोमध फिका आहे. तागा मध्ये दुमडला की काठ आणि मध्य शेजारी येतो आणि साध्या डोळ्यांना दिसतं. त्यातून एक पाय काठाकडून निघेल, दुसरा मधून. म्हणजे हा लॉट २१७ शी जुळत नाही आणि स्वतःशीही नाही. ते कापड मी वापरणार नाही.

सोबतचे तुकडे असे आहेत. 'अ' हा ११ मार्चच्या शिक्क्याच्या नमुन्यातून कापलेला. मूळ नमुना माझ्याकडेच राहील. 'ब' लॉट २१७. 'क' लॉट २३९, तागा क्र. ३. 'ड' लॉट २३९, तागा क्र. ६, यात काठ आणि मध्य जोडून शिवला आहे. धुतलेल्या तुकड्यांना पांढरा दोरा बांधलाय. मिलला हेच तुकडे पाठवा, व्हॉट्सॲपवर फोटो नको. नेव्ही रंग मोबाइलमध्ये प्रत्येकाला वेगळा दिसतो आणि त्यावरून पुन्हा वाद सुरू होतो.

आता मला काय हवं ते.

लॉट २३९ चे सगळे १९० मीटर ६० सेंटिमीटर बदलून हवेत. सहा तागे अखंड आहेत, १४३ मीटर ६० सेंटिमीटर, प्लॅस्टिकमध्ये परत बांधून ठेवले आहेत. उरलेले ४७ मीटर कापलेल्या आणि शिवलेल्या रूपात आहेत, तेही घेऊन जा. बदली माल 'अ' तुकड्याशी जुळवून हवा, "त्याच शेड नंबरचा" एवढं पुरणार नाही. मिलकडे किंवा दुसऱ्या कुठल्या व्यापाऱ्याकडे लॉट २१७ शिल्लक असेल तर सगळ्यात उत्तम, आधी तेच विचारा. नसेल तर नवीन रंगवताना मिलला 'अ' तुकडा द्या आणि ऊन, ट्यूब, पिवळा बल्ब या तिन्ही उजेडांत जुळवायला सांगा.

माल टेंपोत चढवण्याआधी प्रत्येक ताग्याचा वीतभर रुंद, काठापासून काठापर्यंतचा तुकडा माझ्याकडे पाठवा. एका ताग्याचा तुकडा दाखवून आठ तागे उतरवायचे, हे या वेळी नको. मी त्याच दिवशी पाहून हो-नाही कळवेन, तुम्हाला अडकवून ठेवणार नाही. हे तुकडे मंगळवारी, २ जूनपर्यंत आणि माल शनिवारी, ६ जूनपर्यंत हातात हवा. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, शाळेला सगळे जोड २० जूनला द्यायचे आहेत आणि माझ्याकडे नऊच बाया आहेत. ६ च्या पुढे एकेक दिवस गेला तर रात्रपाळी करावी लागेल. या उकाड्यात पत्र्याखाली रात्रपाळी म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

समजा मिलने हात वर केले आणि २१७ शी जुळवणं जमतच नसेल, तर एक वाट आहे. सगळ्या २२४ पँटांसाठी एकाच लॉटचं, आतून एकसारखं कापड द्या. साधारण २४६ मीटर लागेल. १९० मीटर ६० सेंटिमीटरच्या वरचं जे ५५ मीटर ४० सेंटिमीटर आहे ते मी त्याच भावाने विकत घेईन, कारण २१७ ची उरलेली कापणी तेव्हा माझ्या अंगावर पडेल. मुख्याध्यापिकांशी बोलले आहे. मुली एका रंगात, मुलं जवळच्या दुसऱ्या रंगात, पण आपापल्यात एकसारखी, एवढं त्या चालवून घेतील. तरी ही दुसरी पसंती आहे, पहिली नव्हे.

पैशांचं स्पष्ट लिहिते. बिल क्र. ३४८ चे पैसे पूर्ण दिले आहेत. बिल क्र. ५१२ चे ३५,२६१ रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, बदली माल पास झाला की त्याच दिवशी मिळतील, तोवर नाही. परत जाणाऱ्या मालाची क्रेडिट नोट बदली बिलाबरोबर द्या, म्हणजे दोघांच्याही जीएसटीचा गोंधळ होणार नाही. शिवलेल्या ४१ पँटांची मजुरी ९० रुपयांप्रमाणे ३,६९० होते. लॉट नंबर न वाचण्यात माझाही वाटा होता, म्हणून अर्धीच मागते, १,८४५ रुपये. बायांना मी पूर्ण मजुरी दिली आहे, त्यांचा यात काही दोष नाही.

कायद्याची भाषा मला आपल्यात आणायची नाही. पण मिलवाले "एकदा कापलं की परत नाही" म्हणाले तर त्यांना सांगा, १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टच्या कलम १७ प्रमाणे नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याशी जुळावा लागतो, आणि साध्या तपासणीत न दिसणारा दोषही त्यात नसावा लागतो. ट्यूबखाली लपणारा रंग याहून वेगळा काय असतो? मिलशी तुमचा व्यवहार आहे, माझा तुमच्याशी. त्यांच्याकडून तुम्हाला भरपाई मिळायला हे पत्र आणि तुकडे उपयोगी पडावेत, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

गांधीबागेत दुकानांची कमी नाही, तरी अकरा वर्षं मी तुमच्याच पायऱ्या चढते आहे. मागे शर्टांच्या चेक्समध्ये घोळ झाला होता तेव्हा तुम्ही न मागता तागा बदलून दिला होता, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच शाळेत अजून तुम्हाला दोष दिलेला नाही, "कापड बदलून येत आहे" असंच सांगितलंय.

परत न्यायचा माल उद्या, शुक्रवारी दुपारी चारनंतर तयार असेल. तुमचा टेंपो नंदनवनकडे येणार असेल तर कळवा, नाहीतर मी पाठवते. भाडं मात्र तुमच्याकडे. येणाऱ्या माणसाला ताग्यांच्या चिठ्ठ्या काढू नकोस म्हणावं. लॉट नंबर त्यावरच आहेत आणि मी त्यांची यादी करून एक प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
वंदनाताई

ता. क. : पुढच्या वेळी बिलावर मीटरच्या शेजारी लॉट नंबरही लिहून द्या. मी माझ्या बाजूने टेबलाजवळच्या भिंतीवर तसा कागद चिकटवला आहे, आणि मास्टरला दोन लॉट एका थरात लावायला मनाई केली आहे.