विषय: सीनियर डिझाइन इंजिनिअर पद – दुसऱ्या ऑफरला शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्यायचे आहे

सौ. देशमुख मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मुलाखतीच्या दिवशी आपलं सगळं बोलणं मराठीतच झालं, म्हणून हे पत्रही मराठीत लिहिते आहे. संचालक साहेबांकडे पाठवायचं असेल तर याचाच इंग्रजी मसुदा सोबत जोडला आहे.

मला आज दुसऱ्या एका कंपनीचं लेखी ऑफर लेटर आलं. उत्तर द्यायची मुदत शुक्रवारी, १४ तारखेला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत आहे. त्यांनी आधी बुधवारपर्यंतच वेळ दिला होता. मी विनंती केल्यावर दोन दिवस वाढवून दिले आणि यापुढे वाढणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मीही पुन्हा मागणार नाही.

तुमच्याकडे माझ्या दोन्ही टेक्निकल फेऱ्या झाल्या आहेत. संचालक साहेबांची भेट तेवढी बाकी आहे आणि ते सोमवारी, १७ तारखेला परत येणार असं तुम्ही मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला होता. म्हणजे तीन दिवसांचा फरक पडतो. तो कळवला नाही तर तुम्ही तुमच्या वेळापत्रकाने चालाल आणि इकडे माझी मुदत निघून जाईल, म्हणून आजच लिहिते आहे.

माझी पहिली पसंती तुमचीच कंपनी आहे. गेली सहा वर्षं मी ११ केव्हीच्या डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरवर काम करते आहे आणि दुसऱ्या ठिकाणचं कामही मुख्यतः त्याच वर्गातलं आहे. तुमच्याकडे ६६ केव्हीची डिझाइन्स करायला मिळतील. मकरपुऱ्यात तुमचा टेस्ट बे पाहताना डिझाइन हेड साहेबांनी टॅपिंगमुळे वाइंडिंगवर येणाऱ्या ॲक्शियल फोर्सबद्दल मला जवळजवळ अर्धा तास धारेवर धरलं. घाम फुटला होता, पण असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या हाताखाली शिकायचं, हे तेव्हाच ठरलं. त्यांनी सांगितलेला हिशेब मी त्याच रात्री मेलवर पाठवला होता. त्यावर त्यांचं मत अजून यायचं असेल तर कृपया एकदा विचारून पाहाल का?

पगाराचं आधीच स्पष्ट करते. आपलं जे बोलणं झालं आहे ते मला मान्य आहे. तिकडची ऑफर दाखवून इथला आकडा वाढवून घ्यायचा माझा विचार नाही. म्हणूनच त्या कंपनीचं नाव आणि आकडा सांगत नाही, आणि त्यांचं पत्र बाहेर दाखवणंही मला योग्य वाटत नाही.

विनंती एवढीच, की गुरुवारी, १३ तारखेला संध्याकाळपर्यंत निर्णय कळवता आला तर बघा. संचालक साहेब बाहेरगावी असले तरी व्हिडिओ कॉलवर पंधरा-वीस मिनिटं बोलणं होऊ शकेल का? मी सकाळी ९ च्या आधी किंवा रात्री ८ नंतर कधीही मोकळी आहे, आणि मधल्या वेळेत हवं असेल तर अर्धी रजा टाकेन. पूर्ण अपॉइंटमेंट लेटर लगेच हातात पाहिजे असंही नाही. पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेला कंपनीचा मेल मला पुरेसा आहे. तोंडी होकारावर मात्र मला तिकडे नकार देता येणार नाही, आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामाही देता येणार नाही. नोटीस ६० दिवसांची असल्यामुळे मी कशीही जानेवारीच्या मध्यालाच रुजू होईन. तेव्हा घाई फक्त निर्णयाची आहे, पुढच्या कागदपत्रांची नाही.

गुरुवारपर्यंत जमणार नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. मी मनाला लावून घेणार नाही. तसं झालं तर शुक्रवारी मी तिकडे होकार देईन आणि तो पाळेन. आज त्यांना हो म्हणायचं आणि सोमवारी तुमचं पत्र आलं की फिरायचं, हे मला जमणार नाही. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरवाल्यांचं वर्तुळ केवढंसं, एर्डामध्ये टेस्टिंगला गेलं की सगळे एकमेकांना भेटतात! निर्णय नकाराचा झाला असेल तर तोही आत्ताच कळला तर बरं.

उद्या, मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला एक फोन करेन. मीटिंगमध्ये असाल तर उचलू नका, सवडीने मेसेज केला तरी चालेल.

आपली,
मृणाल
(सीनियर डिझाइन इंजिनिअर पदाची उमेदवार)
दांडिया बाजार, बडोदा
सोमवार, १० नोव्हेंबर

सोबत: याच पत्राचा इंग्रजी मसुदा, ॲक्शियल फोर्सच्या हिशेबाची प्रत