खोली क्रमांक 304 मधील पाहुण्यांस विनंतीपत्र

दिनांक : 5 डिसेंबर 2024, गुरुवार
स्थळ : एरंडवणे, पुणे

प्रति,
खोली क्रमांक 304 मध्ये उतरलेले माननीय पाहुणे

विषय : रात्रीचा आवाज व खोलीतील धूम्रपान यांबाबत विनंती

महोदय,

स. न. वि. वि.

घरच्या लग्नकार्यासाठी आपण सहकुटुंब पुण्यात आला आहात आणि मुक्कामासाठी आमच्या हॉटेलची निवड केली आहे, याचा आम्हाला आनंद आहे. कार्य रविवारी असल्याने आपला मुक्काम अजून चार रात्री आहे. तो सुखाचा व्हावा आणि आपल्या शेजारच्या खोल्यांतील पाहुण्यांचाही तसाच व्हावा, या हेतूने दोन गोष्टी आपल्या कानावर घालत आहे. त्या दारात उभे राहून, इतरांच्या देखत बोलणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हे पत्र सकाळच्या चहाबरोबर आपल्याकडे पाठवीत आहे.

पहिली गोष्ट आवाजाची. काल रात्री पावणेबाराच्या सुमारास आमच्या रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याने आपल्याला विनंती केली, तेव्हा आपण लगेच स्पीकर बंद केला, याबद्दल मनापासून आभार. मात्र एकच्या सुमारास गाणी आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या आणि दोन खोल्यांतून स्वागतकक्षात फोन आले. कितीतरी दिवसांनी नातेवाईक एकत्र जमल्यावर बैठक रंगणारच, हे आम्ही जाणतो. लग्नघरातील पाहुणे आमच्याकडे नेहमी उतरतात आणि त्यांचा उत्साह आम्हाला मुळीच परका नाही. अडचण आहे ती इमारतीची. दोन खोल्यांमधील भिंत चार इंची विटांची आहे आणि आपल्या टीव्हीच्या बाजूच्या भिंतीला पलीकडून शेजारच्या पाहुण्यांचा पलंग लागून आहे. त्यामुळे आपल्याकडे बेताचा वाटणारा आवाज, विशेषतः स्पीकरचा ठेका, पलीकडे थेट उशाशी ऐकू येतो. त्या खोलीत उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेले एक ज्येष्ठ दांपत्य उतरले आहे आणि त्यांना पहाटे उठून रुग्णालयात जावे लागते. काल त्यांची झोप झाली नाही. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही, फक्त दुसरी खोली मिळेल का असे विचारले. परंतु या आठवड्यात एकही खोली रिकामी नसल्याने मला त्यांना नाही म्हणावे लागले आणि ते मनाला लागले.

ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 हा काळ रात्रीचा मानला जातो आणि निवासी भागासाठी त्या वेळेची मर्यादा 45 डेसिबल आहे. साधे बोलणेसुद्धा याहून मोठे असते, त्यामुळे नियमाचा काटा लावून आपल्याला गप्प बसवण्याचा माझा हेतू नाही. रात्री 10 नंतर स्पीकर बंद ठेवावा, टीव्हीचा आवाज खोलीपुरता असावा, दार लावून घ्यावे आणि मुलांना व्हरांड्यात धावू देऊ नये, एवढेच मागणे आहे. मंडळींना उशिरापर्यंत बसायचे असल्यास तळमजल्यावरील भोजनकक्ष आजपासून शनिवारपर्यंत रात्री 12 वाजेपर्यंत आपल्यासाठी खुला ठेवण्यास मी सांगितले आहे. तेथे लागून राहत्या खोल्या नाहीत. चहा-कॉफीची व्यवस्था होईल आणि त्याचे वेगळे भाडे आकारले जाणार नाही. स्पीकर मात्र तेथेही लावता येणार नाही.

दुसरी गोष्ट धूम्रपानाची, आणि ती मला अधिक काळजीची वाटते. काल दुपारी सफाईसाठी आलेल्या कर्मचाऱ्यांना चहाच्या बशीत सिगारेटची थोटके आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये राख आढळली. आपल्यापैकी नेमके कोणी धूम्रपान केले, याची चौकशी मला करायची नाही. बहुधा बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावून ओढल्यास कोणाला त्रास होणार नाही, असे वाटले असावे. प्रत्यक्षात आपल्या रांगेतील सर्व मजल्यांची बाथरूम एकाच डक्टला जोडलेली आहेत, त्यामुळे पंख्याने बाहेर फेकलेला धूर वरच्या मजल्यावरील बाथरूममध्ये शिरतो. काल तेथील पाहुण्यांनी वासाबद्दल विचारणा केली, तेव्हाच आम्हाला कारण उमगले. खोलीतील एसीनेही हा प्रश्न सुटत नाही, कारण तो आतलीच हवा थंड करून पुन्हा आत सोडतो. धुराचे अंश पडदे, गाद्या आणि उशांत मुरतात व खिडक्या उघडल्यानंतरही बरेच दिवस राहतात. आपल्यानंतर त्या खोलीत दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूलही उतरू शकते.

सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांविषयीच्या 2003 सालच्या कायद्याने हॉटेलात धूम्रपानास बंदी आहे. धूम्रपानासाठी वेगळ्या खोल्या ठेवण्याची मुभा तीस किंवा त्याहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांनाच मिळते आणि आमच्याकडे केवळ बावीस खोल्या आहेत. म्हणून आपल्याला धूम्रपानाची खोली बदलून देणे आमच्या हातात नाही. नियमभंगाला दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्याची जबाबदारी हॉटेलवरही येते.

ज्यांना सिगारेटची सवय आहे, त्यांची गैरसोय व्हावी अशी माझी इच्छा नाही. इमारतीच्या मागील बाजूस, वाहनतळाच्या पलीकडे, खोल्यांच्या खिडक्यांपासून दूर अशी मोकळी जागा आहे. तेथे दोन खुर्च्या आणि वाळूचे भांडे ठेवले आहे. मागचे दार रात्री बंद असते, पण चौकीदाराला सांगितल्यास तो कोणत्याही वेळी उघडून देईल. एवढ्यासाठी तीन मजले उतरावे लागतात याची कल्पना आहे. लिफ्ट रात्रभर सुरू असते.

एका बाबतीत मात्र मला विनंतीच्या पुढे जाऊन स्पष्ट सांगावे लागत आहे. छतावरील स्मोक डिटेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली आढळली. ती आमच्या कर्मचाऱ्यांनी काढली आहे आणि ती पुन्हा कृपया कोणत्याही परिस्थितीत बांधू नये. रात्री सर्व झोपेत असताना कोठे आग लागली, तर आपल्याला व आपल्या मुलांना वेळेवर जागे करणारे खोलीतील ते एकमेव साधन आहे.

मुक्कामाच्या वेळी आपण सही केलेल्या नोंदणीपत्रात, खोलीत धूम्रपान झाल्यास विशेष सफाईचे 2,500 रुपये आकारले जातील, अशी अट आहे. कालच्या प्रकारासाठी ही रक्कम आम्ही आकारणार नाही. यापुढे तसे घडल्यास मात्र ती बिलात धरावी लागेल. हे आधीच कळवलेले बरे, म्हणजे निघताना कटुता येणार नाही. आज आपण मंगल कार्यालयात गेल्यावर पडदे, चादरी व उशांचे अभ्रे बदलून ठेवले जातील. त्यासाठी कृपया खोलीची किल्ली स्वागतकक्षात ठेवून जावे.

या पत्रातील एखादी गोष्ट आपल्याला अयोग्य वाटल्यास, किंवा इतर कोणाच्या आवाजाचा आपल्याला त्रास होत असल्यास, खोलीतील फोनवरून 9 हा क्रमांक फिरवावा. सकाळी 9 ते रात्री 8 पर्यंत मी स्वतः उपलब्ध आहे आणि त्यानंतर रात्रपाळीचे कर्मचारी आपला निरोप माझ्यापर्यंत पोहोचवतील. कार्यासाठी आमच्या सर्वांतर्फे वधूवरांना शुभेच्छा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
व्यवस्थापक