साक्षीने चमत्कार सिद्ध होतो का?

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये घातलेली अट अशी: साक्ष खोटी असणे हेच घटनेहून अधिक अद्भुत ठरत असेल, तरच चमत्कार मानावा. यावरून ‘कितीही साक्षीदार आणा, व्यर्थ’ असा अर्थ काढतात. तो टिकत नाही.

आकडे मांडू. घटनेची पूर्वसंभाव्यता, म्हणजे साक्ष ऐकण्याआधीची शक्यता, अब्जात एक. घटना घडली असेल तर साक्षीदार ‘घडली’ म्हणण्याची शक्यता ९९ टक्के, घडली नसेल तर १ टक्का. म्हणजे प्रत्येक साक्ष पारडे ९९ पटींनी झुकवते. चार साक्षींनी सुमारे ९.६ कोटी पट होतात, अपुरे. पाचवीने साडेनऊ अब्ज, म्हणजे दाव्याच्या बाजूने साडेनऊस एक. इंग्लिश गणिती चार्ल्स बॅबेजने १८३७ मध्ये असाच हिशेब मांडला.

मात्र हा गुणाकार साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. पॅरिसच्या सँ-मेदार दफनभूमीत, १७२७ साली वारलेल्या एका डीकनच्या, म्हणजे चर्चमधील कनिष्ठ धर्मसेवकाच्या, थडग्यापाशी, रोग बरे झाल्याच्या साक्षी भरपूर होत्या. पण त्या एकाच पंथीय उत्साहात, एकमेकांचे ऐकत दिलेल्या. (ह्यूमने मात्र त्या सरळ फेटाळल्या, हिशेब न करता.) अशा शंभर साक्षींचे वजन दोनाइतकेही भरत नाही.

शिवाय साक्ष फार तर घटना सिद्ध करते. ती ईश्वराने घडवली, हे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. त्यासाठी वेगळा युक्तिवाद लागतो.