रॉयल्टी तपासणी अहवाल : काळा मसाला परवाना, आर्थिक वर्ष २०२४-२५

जळगाव, १० नोव्हेंबर २०२५

आदरणीय ताई,

करारातल्या कलम १२ प्रमाणे ६ ते ८ ऑक्टोबर असे तीन दिवस मी आणि माझा सहायक धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या कारखान्यात होतो. परवानाधारकाने कागद दिले, पण सगळे एकदम नाहीत. कच्च्या मालाची स्टोअर वही तिसऱ्या दिवशी दुपारी हाती आली, आणि खरं काम तिच्यातूनच झालं.

निष्कर्ष आधी सांगतो. वर्षाची रॉयल्टी १०,६१,२८० रुपये व्हायला हवी होती. तुम्हाला मिळाली ८,४०,०००. म्हणजे २,२१,२८० रुपये कमी, देय रकमेच्या जवळपास २१ टक्के.

मिळालेल्या रकमेबद्दल वाद नाही. तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या नोंदीत, टीडीएससह ८,४०,००० जुळतात. मात्र त्यातून पैसे किती आले एवढंच कळतं, माल किती गेला ते कळत नाही. त्यासाठी पाकिटांच्या छापील फिल्मवर गेलो. मसाल्याचं वजन वहीत कमीजास्त दाखवता येतं, पण तुमचं चिन्ह छापलेली फिल्म दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. शंभर रिकामी १०० ग्रॅमची पाकिटं काट्यावर ठेवली, तर ३३३ ग्रॅम भरली, म्हणजे किलोला ३०० पाकिटं. वर्षभरात १,९६० किलो फिल्म वापरली गेली. त्यांनीच सांगितलेली ४ टक्के घट आणि वाढलेला तयार साठा वजा केला, तर ५,५८,००० पाकिटं बाहेर पडली. तुम्हाला दिलेल्या रॉयल्टीच्या विवरणात दाखवली ४,६२,०००.

९६,००० पाकिटांचा फरक विचारला तेव्हा मॅनेजर म्हणाले, "स्कीममध्ये गेली असतील." २३,१०० खरंच गेली होती, वीसवर एक फुकट. उरलेल्यांपैकी ६६,००० चा पत्ता स्टोअरकीपरने लाल शाईत लिहून ठेवला होता : "बऱ्हानपूरना माल". जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात ही विक्री आयजीएसटीसह, म्हणजे परराज्यातली म्हणून, नोंदलेली आहे, ई-वे बिलंही आहेत. सरकारला सांगितलं, तुम्हाला नाही. घेणारी फर्म परवानाधारकाच्याच भावाची, आणि दर पाकिटाला ३४ रुपये, तर इतर डीलरना ५०. कलम ९ सांगतं की नात्यातल्या फर्मला विकलेला माल डीलर दरानेच धरायचा. त्यामुळे ३३ लाखांवर ४ टक्के रॉयल्टीचे १,३२,००० रुपये.

फुकट पाकिटांना विकलेल्या मालाच्या ३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १३,८६० पर्यंत सूट आहे. त्यावरच्या ९,२४० पाकिटांचे १८,४८० रुपये.

निव्वळ विक्रीतून ११,५०,००० रुपये गाडीभाडं वजा केलं आहे. करारात वजावट फक्त जीएसटी, परत आलेला माल आणि बिलावर दाखवलेली सूट यांची. भाडं त्यात नाही, त्यामुळे ४६,००० रुपये. परत आलेल्या मालाचे ३,३०,००० मी मान्य केले, कागद चोख आहेत.

वर्षअखेरीस क्रेडिट नोटने दिलेली ६,२०,००० ची सूट हा मात्र वादाचा मुद्दा आहे. जीएसटीत अशी सूट अटी पाळून वजा होते, म्हणून इथेही व्हावी, असं त्यांचं म्हणणं. मी करार वाचतो, जीएसटी कायदा नाही : "बिलावर दाखवलेली" असे शब्द आहेत. म्हणून २४,८०० धरले. पण हे शब्द तुमच्या वकिलांनी लिहिलेले, समोरचा भांडेल. तडजोडीत काही सोडायचंच झालं, तर हे सोडावं, बऱ्हाणपूरचं नाही.

उरलेल्या ६,९०० पाकिटांना ते "उंदीर आणि ओल" म्हणतात. नष्ट केल्याचा कागद नाही, विकल्याचाही नाही. सिद्ध करता येत नाही ते मी मागणीत घेतलेलं नाही.

वार्षिक हिशेब ३० एप्रिलपर्यंत पुरा करायचा होता. ३१ ऑक्टोबरपर्यंत सहा महिन्यांचं १२ टक्के दराने सरळ व्याज १३,२७७ रुपये. एकूण मागणी २,३४,५५७. तूट ५ टक्क्यांहून जास्त असल्याने तपासणीचा खर्चही कलम १२ प्रमाणे त्यांच्याकडेच.

पैशांहून नाजूक गोष्ट वेगळीच आहे. परवाना जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरता आहे आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. तिथल्या विक्रीची रॉयल्टी गुपचूप घेतली, तर उद्या "तुमची संमती होती" असं म्हणतील. पत्रात "हद्दीबाहेरील विक्रीबाबतचे सर्व हक्क राखून" हे शब्द घाला आणि वकिलांना दाखवूनच पाठवा.

मागणीपत्र पोचल्यापासून त्यांना ३० दिवस आहेत. २०२३-२४ ची वही तपासायची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. त्या वर्षाची फिल्मची बिलं मी आत्ताच मागून ठेवली आहेत.

आपला,
तपासणी करणारा सनदी लेखापाल