ताब्याच्या वेळी अपूर्ण असलेल्या सुविधांची तारखांसह लेखी यादी मिळण्याबाबत

पुनावळे, पिंपरी-चिंचवड
दिनांक ९ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
विकासक, पुनावळे गृहप्रकल्प

विषय : करारनाम्यात कबूल केलेल्या, पण अद्याप न झालेल्या सुविधांची यादी आणि प्रत्येक सुविधा पूर्ण होण्याची तारीख लेखी देण्याबाबत.

संदर्भ : १) ताबा घेण्याविषयीचे आपले १२ मे २०२५ चे पत्र. २) रविवार, १ जून २०२५ रोजी झालेली संयुक्त पाहणी.

महोदय,

बी विंगला २८ एप्रिल रोजी भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, ही आम्हा सगळ्यांसाठी आनंदाची गोष्ट आहे. बी विंगमध्ये ५६ फ्लॅट आहेत. त्यांपैकी ४७ फ्लॅटच्या खरेदीदारांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. आम्हाला ताबा हवा आहे. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणारी कुटुंबे आमच्यात बरीच आहेत, त्यामुळे ताबा लांबवण्यात आमचा काहीही फायदा नाही. भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घेण्याचे बंधन कायद्याने आमच्यावर आहे, म्हणजे आमची मुदत २८ जूनला संपते. आपण ताब्यासाठी २२ जून हा दिवस दिला आहे. त्याआधी एकच गोष्ट हवी आहे : काय राहिले आहे आणि ते कधी होणार आहे, हे आपल्या सहीशिक्क्यानिशी कागदावर.

१ जूनच्या पाहणीत आपले साइट इंजिनीअर आमच्याबरोबर दोन तास फिरले. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी शांतपणे उत्तर दिले, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ती उत्तरे ‘गणपतीच्या आसपास’, ‘पाऊस थांबला की लगेच’, ‘दिवाळीपर्यंत नक्की’ अशी होती. त्याच आठवड्यात आपल्या विक्री कार्यालयाने आमच्यातल्या एका कुटुंबाला तिसऱ्या लिफ्टसाठी वेगळा महिना सांगितला आणि ग्राहक सेवा विभागाने ईमेलवर तिसराच. कोणावर विश्वास ठेवावा, हे आम्हाला कळत नाही. म्हणून ही यादी आपल्याकडूनच यावी.

पाहणीत जे दिसले ते इथे नोंदवते, म्हणजे आपल्या यादीत ते सुटणार नाही.

सर्वांत आधी नाल्याकडच्या बाजूची संरक्षक भिंत. साधारण ४० फूट भाग उघडा आहे आणि तिथे फक्त पत्रे उभे केले आहेत. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, नाला भरून वाहतो आहे, आणि याच बाजूला मुलांच्या खेळाची जागा नकाशात दाखवली आहे. आज त्या जागेवर लोखंडी सळ्या आणि सेंट्रिंगचे सामान पडले आहे. क्लबहाउसला उशीर झाला तर आम्ही नाराज होऊ, पण या भिंतीला उशीर झाला तर एखाद्या लेकराच्या जिवावर बेतेल. भिंतीची तारीख २२ जूनच्या आधीची असावी, आणि तोवर तिथे पक्के कुंपण व रात्री दिवा असावा, एवढा आग्रह आम्ही धरतो. बाकी कोणत्याही बाबीत आपण सांगाल त्या तारखेवर बोलायला आम्ही तयार आहोत.

दुसरी गोष्ट लिफ्टची. करारनाम्याच्या परिशिष्टात तीन लिफ्ट लिहिल्या आहेत, त्यांतली एक स्ट्रेचर मावेल एवढी मोठी. चालू आहेत त्या दोन लहान. मोठ्या लिफ्टचा खड्डा तयार आहे, पण आत यंत्र नाही. इमारत १४ मजल्यांची आहे आणि आमच्यातल्या दोन कुटुंबांत चाकाच्या खुर्चीवर असलेले ज्येष्ठ आहेत. तळमजल्यावरच्या लॉबीपुढचा उतार, म्हणजे रॅम्पही झालेला नाही. या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय त्या कुटुंबांना घर मिळूनही तिथे राहता येणार नाही. लिफ्टच्या बाबतीत यंत्र कधी येणार, बसवायला किती दिवस आणि परवाना कधी, अशा तीन तारखा वेगवेगळ्या द्याव्यात. यंत्र बसले पण परवाना नाही म्हणून लिफ्ट बंद, असे पुढे ऐकायला लागू नये.

क्लबहाउस आणि पोहण्याच्या तलावाबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल. बुकिंगच्या वेळी मिळालेल्या ब्रोशरमध्ये आणि करारनाम्याच्या परिशिष्टात या दोन्ही सुविधा बी विंगच्या खरेदीदारांसाठी म्हणून दिल्या आहेत. क्लबहाउससाठी प्रत्येक फ्लॅटमागे १ लाख ५० हजार रुपये आपण वेगळे घेतले. आमच्या ४७ फ्लॅटचेच ते ७० लाख ५० हजार होतात. १ जूनला मात्र पहिल्यांदाच सांगण्यात आले की क्लबहाउस ‘टप्पा दोन’मध्ये येते आणि ए विंगचे काम पूर्ण झाल्यावर होईल. ए विंगचा आज चौथा स्लॅब पडला आहे. करारनाम्यात ‘टप्पा दोन’ हा शब्द आम्हाला कुठेही सापडला नाही. म्हणून लेखी उत्तरात स्पष्ट करावे : क्लबहाउस आणि तलाव महारेराच्या कोणत्या नोंदणी क्रमांकाखाली नोंदले आहेत, त्या नोंदणीत पूर्णत्वाची तारीख काय आहे, आणि मंजूर आराखड्यात त्यांची जागा बदलली असेल तर ती कधी बदलली. सामायिक जागांच्या मंजूर आराखड्यात बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती लागते, असे रेरा कायद्याचे कलम १४ सांगते. आमच्यापैकी कोणीही अशी संमती दिलेली नाही.

पाणी आणि कचरा यांच्याकडे पाहणीत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, पण राहायला गेल्यावर रोजचा त्रास तिथेच होणार आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची यंत्रे बसली आहेत, ती चालवून दाखवलेली नाहीत. फ्लशसाठी शुद्ध केलेल्या पाण्याची वेगळी पाइपलाइन सातव्या मजल्यापर्यंतच जोडली आहे. ओल्या कचऱ्याचे यंत्र ठेवायची खोली आहे, यंत्र नाही. रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा लागतो. सगळे विंग भरल्यावर आपले संकुल त्या मर्यादेपलीकडे जाणार हे उघड आहे, आणि तेव्हा महापालिकेच्या नोटिसा सोसायटीच्या नावे येतील. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. अशा ठिकाणी पर्जन्यजल संधारणाचे खड्डे पावसाळा सुरू झाल्यावरही बुजलेले असणे आम्हाला मान्य नाही. महापालिकेच्या नळजोडासाठी अर्ज कोणत्या तारखेला केला, तो आज कुठे अडला आहे आणि तोवर टँकरचा खर्च कोण करणार, हेही लिहावे.

याशिवाय जनरेटरवरचा बॅकअप फक्त लॉबीच्या दिव्यांना आहे, करारात लिफ्ट आणि पंपही आहेत. इंटरकॉमच्या वायरी ओढल्या आहेत, यंत्रे नाहीत. मुख्य फाटकापासून बी विंगपर्यंतचा रस्ता कच्चा आहे. सोलर, सीसीटीव्ही, इलेक्ट्रिक गाड्यांची चार्जिंगची जागा आणि बागेतली झाडे यांतले काहीही सुरू झालेले दिसले नाही. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

एक गोष्ट मनाला लागली आहे, तीही लिहिते. करारनाम्यातल्या वेळापत्रकाप्रमाणे एकूण ९५ टक्के रकमेचा टप्पा लिफ्ट, पंप, विद्युत जोडण्या, प्रवेश लॉबी आणि आवारातली फरसबंदी झाल्यावरचा आहे. तो टप्पा पूर्ण झाल्याचे सांगून आपण फेब्रुवारीत मागणीपत्र पाठवले. आम्ही बँकांकडून रक्कम वेळेत सोडवून घेतली, कोणी एक दिवसही उशीर केला नाही. आता दिसते की तिसरी लिफ्ट नाही आणि फरसबंदीही नाही. पैसे देताना आम्ही आपल्या शब्दावर विसंबलो होतो.

त्यामुळे आपल्या यादीत पुढील माहिती असावी. प्रत्येक सुविधेसमोर आज काम किती झाले आहे, उरलेले काम कोणता कंत्राटदार करणार आहे, आणि पूर्ण होऊन वापरायला मिळण्याची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी. ‘तिमाही’ किंवा ‘पावसाळ्यानंतर’ नको. एखादे काम सरकारी परवानगीवर अडले असेल तर कार्यालयाचे नाव, अर्जाची तारीख आणि पोचपावतीची प्रत. एखादी सुविधा देणारच नसाल तर तेही स्पष्ट लिहावे आणि तिच्यापोटी घेतलेली रक्कम कशी परत करणार ते सांगावे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या दोन प्रतिनिधींसोबत पाहणी व्हावी आणि जे काम झाले त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात.

ताबापत्राच्या आपल्या मसुद्यात ‘सर्व सुविधा करारानुसार मिळाल्या असून आमची कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य आहे. आम्ही ते वाक्य असलेल्या कागदावर सही करणार नाही. ते काढून ‘सोबतच्या यादीतील सुविधा अपूर्ण असून त्या नमूद तारखांना पूर्ण करून देण्याचे विकासकाने मान्य केले आहे’ असे घालावे आणि यादी ताबापत्राचाच भाग करावी. हे झाले तर २२ जूनला आम्ही सगळे चाव्या घ्यायला हजर राहू. यादी न देता ताबापत्र पुढे केले, तर मुदत चुकू नये म्हणून आम्ही हरकत नोंदवून ताबा घेऊ, पण सुविधांवरचा हक्क सोडणार नाही.

मेंटेनन्सचेही याच यादीशी नाते आहे. प्रत्येक फ्लॅटकडून २४ महिन्यांचे ८४ हजार रुपये आगाऊ घेतले आहेत आणि त्यात क्लबहाउस, तलाव व बागेचा खर्च धरलेला आहे. जे अस्तित्वात नाही त्याची देखभाल आकारली जाऊ नये. या रकमेचा हिशेब आणि आकारणी कोणत्या दिवसापासून सुरू होणार, हे उत्तरात असावे.

करारनामा आणि रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार या जबाबदाऱ्या आपल्यावर आहेत, आणि कामांचे टप्पानिहाय वेळापत्रक जाणून घेण्याचा हक्क कलम १९ ने आम्हाला दिला आहे. गुरुवार, १९ जून २०२५ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर आम्ही महारेराकडे कलम ३१ खाली तक्रार दाखल करू आणि कलम १८ खाली भरपाईही मागू. ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते. पुढची कित्येक वर्षे आम्ही याच आवारात राहणार आहोत, आणि आपलेही पुढचे विंग इथेच उभे राहायचे आहेत.

यादीचा मसुदा आधी पाहायचा असेल तर शनिवार, १४ जूनला सकाळी ११ वाजता आमचे चार प्रतिनिधी साइट कार्यालयात येऊ शकतात. तसे कळवावे.

आपली विश्वासू,

सदनिका बी-७०४ ची खरेदीदार
बी विंगच्या ४७ फ्लॅटच्या खरेदीदारांच्या वतीने

सोबत : ४७ फ्लॅटच्या खरेदीदारांच्या सह्यांचा तक्ता, करारनाम्यातील सुविधांच्या परिशिष्टाची प्रत, ब्रोशरची संबंधित पाने, फेब्रुवारीतील मागणीपत्राची प्रत, १ जूनच्या पाहणीची छायाचित्रे.

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह, तसेच करारनाम्यात दिलेल्या ईमेलवर पाठवले आहे.