पिन-पार्वती खिंड मोहीम २०२६ : अंदाजपत्रक
(कार्यकारिणीच्या ५ एप्रिलच्या सभेसाठी आणि नाव नोंदवू इच्छिणाऱ्या सर्व सभासदांसाठी)

कालावधी : २६ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर २०२६
सदस्य : १२ (मोहीमप्रमुख आणि उपप्रमुख धरून)
मार्ग : बरशैणी – खीरगंगा – टुंडा भुज – ठाकूर कुआं – ओडी थाच – मानतलाई – पायथ्याचा तळ – पिन-पार्वती खिंड (५,३१९ मीटर) – पिन खोरं – मुद
एकूण अंदाजित खर्च : ९,३९,१८० रुपये
प्रत्येकी वर्गणी : ७५,००० रुपये

७५ हजार ही आपल्या मंडळाच्या नेहमीच्या हिमालयी ट्रेकपेक्षा मोठी रक्कम आहे. म्हणून कोणता रुपया कुठे जाणार हे सविस्तर मांडतो आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. यातले १,३५,००० रुपये आपत्कालीन राखीव निधीचे आहेत आणि त्याला कात्री लावू नये, अशी माझी सभेला कळकळीची विनंती आहे. कारण शेवटच्या भागात दिलं आहे.

तारखांबद्दल. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. खिंडीसाठी सप्टेंबरचा मध्य अधिक चांगला, पण घरचा गणपती सोडून येणं निम्म्या मंडळींना जमणार नाही. म्हणून खिंड ५ सप्टेंबरला ओलांडायची आणि ८ व ९ सप्टेंबर हे दोन दिवस राखीव ठेवायचे, असं ठरवलं. म्हणजे सुरुवातीचे टप्पे पावसाच्या शेपटात सापडणार. कुल्लू भागात २०२३ च्या जुलैत आणि २०२५ च्या ऑगस्टअखेरीस रस्त्यांचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. ही शक्यता हिशेबात धरली आहे.

१. प्रवास : १,४४,४०० रुपये

- पुणे–दिल्ली–पुणे रेल्वे, थ्री एसी, १२ जण × ३,८०० : ४५,६००
- दिल्ली–भुंतर आणि मनाली–दिल्ली बस, १२ × ३,००० : ३६,०००
- भुंतर–बरशैणी, दोन गाड्या : ८,०००
- मुद–मनाली, दोन गाड्या : ३४,०००
- खिंड ओलांडणाऱ्या १४ स्थानिक साथीदारांचा मुद–काझा–मनाली–भुंतर परतीचा प्रवास, १४ × १,४०० : १९,६००
- मानतलाईहून परतणाऱ्या आठ पोर्टरांचा बरशैणी–भुंतर प्रवास : १,२००

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरा हप्ता त्याआधी जमा व्हायलाच हवा. पोर्टर पार्वती खोऱ्यातून आपल्याबरोबर चालत येतात आणि पलीकडे स्पितीत उतरतात. तिथून घरी पोचवण्याचा खर्च आपला.

२. परवाने आणि विमा : ५१,८०० रुपये

- वनखात्याचं प्रवेश आणि मुक्काम शुल्क (अंदाजे) : १६,०००
- पोलीस नोंदणी, झेरॉक्स, फोटो : १,०००
- सदस्यांचा विमा, १२ × १,८०० : २१,६००
- साथीदारांचा विमा, २२ × ६०० : १३,२००

ही खिंड आहे, शिखर नाही. त्यामुळे शिखर मोहिमांना लागणारी परवानगी इथे नाही. पण मार्गाच्या दोन्ही बाजूंना राष्ट्रीय उद्यानांची हद्द लागते (पलीकडचं पिन व्हॅली उद्यान १९८७ पासूनचं), म्हणून वनखात्याचं पत्र हातात घेऊनच निघायचं. बरशैणीत सर्वांची नावं, घरचे फोन आणि मुदला पोचण्याची तारीख नोंदवायची. विम्याचा कागद प्रत्येकाने स्वतः वाचावा. पुष्कळ पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते, आणि ५,३१९ मीटर तिच्यात बसत नसेल तर ती पॉलिसी आपल्या उपयोगाची नाही.

३. गाईड, स्वयंपाकी, पोर्टर : ३,४८,४०० रुपये

- मुख्य गाईड, ३,००० × १२ दिवस : ३६,०००
- सहगाईड (दोराच्या कामाचा अनुभव असलेला), २,२०० × १२ : २६,४००
- स्वयंपाकी, २,००० × १२ : २४,०००
- स्वयंपाक मदतनीस, १,३०० × १२ : १५,६००
- पूर्ण मार्गाचे १० पोर्टर, १,३०० × १२ : १,५६,०००
- मानतलाईपर्यंतचे ८ पोर्टर, १,३०० × ७ : ७२,८००
- बक्षिसी, २२ × ८०० : १७,६००

बारा दिवस म्हणजे चालण्याचे दहा आणि घरी परतण्याचे दोन. परतीचे दिवस बिनपगारी धरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आपण ती पाळत नाही.

अठरा पोर्टर कशाला, असा प्रश्न येणार. हिमनदीवरून खेचरं नेता येत नाहीत, त्यामुळे शेवटपर्यंत माणसांच्या पाठीवरच सामान जातं. वजन मोजलं आहे. रेशन साधारण २४० किलो, तंबू ५०, भांडी-स्टोव्ह-इंधन ४५, दोर व औषधं १२, म्हणजे जवळजवळ ३५० किलो. एका पोर्टरमागे २० किलो ही आपली मर्यादा, आणि स्वतःचं अंथरूण-पांघरूण त्याच्याकडे वेगळं असतंच. अठरा जण लागतात ते यामुळे. मानतलाईला पोचेपर्यंत बरंच रेशन संपतं. तिथून आठ जणांना दोन दिवसांचा शिधा देऊन ३ सप्टेंबरला परत पाठवायचं. विश्रांतीच्या दिवसानंतर ४ तारखेला उरलेलं ओझं दोनशे किलोच्या आत येतं आणि ते दहा जण नेऊ शकतात. सदस्यांनी आपापली सॅक आपणच न्यायची आहे, ती बारा किलोंवर जाऊ देऊ नये.

४. साहित्य : ८१,७०० रुपये

- ५० मीटरचे दोन नवे दोर (२२,००० पैकी निम्मे) : ११,०००
- हार्नेस, कॅराबिनर, हेल्मेट, १४ संच भाड्याने : ८,४००
- आइस अ‍ॅक्स, ६ : ३,०००
- क्रॅम्पॉन, १४ जोड : ९,८००
- साथीदारांसाठी स्लीपिंग बॅग, १४ : ११,२००
- साथीदारांसाठी तीन तंबू, भाड्याने : ७,५००
- गॉगल, १४ : ३,५००
- हातमोजे व रेनकोट, १४ : ६,३००
- पोर्टरांचे बूट, १० जोड : १२,०००
- किचन तंबू, स्टोव्ह, भांडी, भाड्याने : ९,०००

सदस्यांसाठी दोन माणसांचे सहा तंबू मंडळाकडे आहेत. जुने दोर सह्याद्रीतल्या सरावालाही आता वापरू नयेत. नवे दोर मोहिमेनंतर मंडळाकडेच राहणार, म्हणून उरलेले ११,००० साहित्य निधीतून घ्यावेत. ती रक्कम वरच्या एकूण बेरजेत नाही.

पोर्टरांचे बूट, गॉगल, हातमोजे यांवर गेल्या बैठकीत “ते आपलं आणतात की” असं कुणीतरी म्हणालं. काही जण आणतात, बरेचसे नाही. खिंडीच्या अलीकडे-पलीकडे तासन्‌तास बर्फावरून चालायचं असतं. साध्या बुटांत बोटं सुन्न होतात आणि गॉगलशिवाय डोळे जातात. आपलं ओझं वाहणाऱ्या माणसाच्या पायात काय आहे, हे पाहणं आपलंच काम आहे.

५. खाणंपिणं आणि मुक्काम : १,७७,८८० रुपये

- डोंगरातलं रेशन, ३६८ माणूस-दिवस × २६० : ९५,६८०
- गॅस व रॉकेल : १२,०००
- प्रवासातलं जेवण, १२ × ८ दिवस × ४५० : ४३,२००
- बरशैणी, मुद/काझा, मनाली असे पाच मुक्काम, १२ × ५ × ४५० : २७,०००

३६८ चा हिशेब असा : मानतलाईपर्यंत ३४ माणसं पाच दिवस, पुढे २६ माणसं सात दिवस (त्यात दोन राखीव), आणि परतणारे आठ जण दोन दिवस. सदस्य आणि साथीदार एकाच भांड्यातलं जेवतील.

डाळ, तांदूळ, कणीक, बटाटे, कांदे भुंतरला घेऊ. पुण्याहून नेण्याच्या वस्तूंची जबाबदारी चार घरांनी आधीच उचलली आहे : थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी, भाजलेलं पिठल्याचं पीठ आणि आमसुलं. उंचीवर भूक मरते, गोड आणि तळकट नकोसं वाटतं. अशा वेळी मऊ भात, मेतकूट, तूप आणि आमसुलाचं गरम सार घशाखाली उतरतं. गूळपापडी खिंडीच्या दिवसासाठी राखून ठेवायची, कारण त्या दिवशी रात्री दोनला निघायचं आहे आणि चूल पेटवायला वेळ नसतो. पूर्ण दिवस उपास असणाऱ्यांनी आधी सांगावं. ४,००० मीटरच्या वर मात्र कुणालाही उपास करू दिला जाणार नाही.

६. आपत्कालीन राखीव निधी : १,३५,००० रुपये

- औषधपेटी, पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजनचे दोन छोटे सिलिंडर : १४,००० (हे आधीच खर्च होणार)
- दोन राखीव दिवसांची १४ साथीदारांची मजुरी, २१,५०० × २ : ४३,०००
- आजारी माणसाला मानतलाईहून बरशैणीला उचलून आणणं, आठ जण × तीन दिवस × १,५००, आणि पुढे कुल्लूपर्यंत गाडी : ४२,०००
- रस्ता बंद पडल्यास तिकिटं बदलणं, जादा मुक्काम, वळसा घालून प्रवास, १२ × ३,००० : ३६,०००

खीरगंगेच्या पुढे मुदपर्यंत फोन लागणार नाही असंच धरायचं आहे. सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय वापरणं आपल्या देशात गुन्हा आहे, तेव्हा तो नेणार नाही. याचा अर्थ वरती कुणाला फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होण्याची लक्षणं दिसली, तर पहिला उपाय खाली उतरणं हाच, आणि तो आपल्या हातांनी व्हायला हवा. हेलिकॉप्टर येईल या भरवशावर कुणी राहू नये. तो खर्च लाखांत जातो आणि विमा कंपनीची हमी मिळायला वेळ लागतो. म्हणून मंडळाच्या मुदत ठेवीतले दीड लाख रुपये २५ सप्टेंबरपर्यंत या मोहिमेसाठी राखून ठेवावेत, असा वेगळा ठराव मागतो आहे. ते लागले तर विम्याच्या दाव्यातून परत भरायचे.

राखीव निधी सांभाळण्यामागचं कारण हे. पायथ्याच्या तळावर हवा बिघडली की तंबूत बसून लोक हिशेब करू लागतात : अजून एक दिवस थांबलो तर पोर्टरांची मजुरी कोण देणार, मागे फिरलो तर परतीच्या गाड्यांचं काय, तिकिटं वाया जातील. थांबायचं की फिरायचं हा निर्णय तेव्हा आभाळ आणि बर्फ पाहून होत नाही, पाकीट पाहून होतो. थांबण्याचे आणि मागे फिरण्याचे पैसे आधीच बाजूला असले, तर तो प्रश्न तंबूत निघतच नाही. मला हीच मोकळीक विकत घ्यायची आहे.

निधी वापरण्याचा निर्णय मोहीमप्रमुख, मुख्य गाईड आणि सोबत असलेले डॉक्टर सदस्य यांच्यापैकी कोणत्याही दोघांनी घ्यावा. मागे फिरण्याबद्दल मात्र मुख्य गाईडचा शब्द अखेरचा. त्यावर चर्चा नाही. रोख ६०,००० रुपये तिघांच्या सॅकमध्ये वाटून नेऊ, कारण वरती ऑनलाइन पैसे चालत नाहीत.

जमा बाजू

- सदस्यांची वर्गणी, १२ × ७५,००० : ९,००,०००
- मंडळाचं अनुदान : ३९,१८०
- एकूण : ९,३९,१८०

हप्ते : १५ एप्रिलपर्यंत २०,०००, १५ जूनपर्यंत ३०,०००, ३१ जुलैपर्यंत २५,०००. विद्यार्थी सदस्यांनी हप्ते लहान करून हवे असल्यास खजिनदारांना सांगावं, त्यांच्यासाठी शेवटची तारीख २० ऑगस्ट ठेवली आहे.

नाव मागे घेतल्यास १५ जूनपर्यंत २,००० वजा करून बाकी परत. त्यानंतर जागी दुसरा सदस्य मिळाला तर प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करून परत, न मिळाल्यास तिसऱ्या हप्त्याची रक्कम तेवढी परत.

राखीव निधीतले १,२१,००० रुपये अजिबात लागले नाहीत, तर प्रत्येक सदस्याला १०,०८३ रुपये परत मिळतील. सर्व बिलांसह जमाखर्च ११ ऑक्टोबरच्या सभेत मांडला जाईल.

सभेने मंजूर करावयाचे ठराव तीन : हे अंदाजपत्रक, साहित्य निधीतून दोरांसाठी ११,०००, आणि मुदत ठेवीतले दीड लाख राखून ठेवणं.

मोहीमप्रमुख
२२ मार्च २०२६, पुणे