मामा, ते उत्तर टाकू नका, हे टाका

मामा,

गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत आपल्या हॉटेलात राहून गेलेल्या कुटुंबाने गुगलवर एक स्टार दिलाय आणि तुम्ही रात्री साडेबाराला उत्तर लिहून मला पाठवलंत. थेट टाकलं नाहीत, हे बरं केलंत. त्यांचं लिहिणं पुन्हा एकदा शांतपणे वाचा:

«अत्यंत वाईट अनुभव. फोनवर दोन खोल्यांचे दोन दिवसांचे ७,२०० सांगितले आणि घेतले ८,१९०. सरळ लूट. पहाटे पाच वाजता गरम पाणी नाही, आईला गार पाण्याने अंघोळ करावी लागली. पांघरायच्या चादरीला वास येत होता. मंदिर दहा मिनिटांवर म्हणाले, पोहोचायला पाऊण तास लागला. पार्किंगचे १०० वेगळे. काउंटरवरचा मुलगा उर्मट. फसू नका.»

आणि हे तुमचं:

«आपण खोटे आरोप करत आहात. जीएसटी सरकार घेते, आम्ही नाही. आपण चार जण सांगून पाच जण आलात. १,८०० रुपयांत राजवाडा मिळत नाही. आमच्याकडे तीस वर्षांत कोणाची तक्रार नाही. आपण रात्री अकराला काउंटरवर किती आरडाओरडा केलात ते कॅमेऱ्यात आहे. अशा गिऱ्हाइकांची आम्हाला गरज नाही.»

मामा, यातलं निम्मं खरं आहे, तरी सगळं उत्तर भांडणासारखं वाटतं. हे त्या गृहस्थांपेक्षा पुढच्या जानेवारीत खोली शोधणारा माणूस जास्त वाचणार. त्याला कोण बरोबर होतं याच्याशी देणंघेणं नाही. आपल्या आईला पहाटे गरम पाणी मिळेल का, एवढंच तो बघतो. कॅमेऱ्याचं वाक्य तर आधी काढा. पाहुण्याचं वागणं, घरातली माणसं किती, कुठून आली, यातलं काहीही चारचौघांत बोलायचं नाही.

काल दुपारी मी हॉटेलवर जाऊन सगळं तपासलं. बिलाची प्रत काढली: खोल्यांचे ७,२००, जादा गादीचे ३०० प्रमाणे दोन रात्रींचे ६००, त्यावर ५ टक्के जीएसटी ३९०. हिशोब चोख आहे. पण फोनवर फक्त ७,२०० सांगितले गेले. कर आणि गादी दोन्ही राहिलं. सोलरच्या टाकीतलं गरम पाणी रात्रीच्या अंघोळींनीच संपलं होतं आणि विजेचा हीटर पहाटे कोणी चालू केला नाही. कपाटातल्या चादरींना मी स्वतः नाक लावून बघितलं. बेडशीट प्रत्येक पाहुण्यामागे बदलते, पांघरायची चादर यात्रेच्या आठवड्यात बदललेलीच नाही. सोलापुरात बसून चादरीवरून बोलणी खायची, हे मला स्वतःला लागलं. काउंटरवरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, «मी फक्त म्हणलो, आधी विचारायला पाहिजे होतं की हो.» रात्री अकराला दमून आलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

आता हे टाका. एक शब्द बदलायचा असेल तर आधी मला फोन करा.

«नमस्कार. सिद्धेश्वर यात्रेसाठी आपण घरच्यांना घेऊन सोलापुरात आलात आणि आमच्याकडे उतरलात. त्या दोन दिवसांत आपल्याला, विशेषतः आपल्या आईंना, त्रास झाला याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आपण लिहिल्यानंतर आम्ही एकेक गोष्ट तपासून पाहिली.

गरम पाणी: १४ जानेवारीच्या पहाटे ते नव्हते, हे खरे आहे. सोलरच्या टाकीतले पाणी रात्रीच संपले होते आणि विजेचा हीटर वेळेत सुरू केला गेला नाही. आता तो रोज पहाटे चार वाजता सुरू होतो आणि रात्रपाळीचा माणूस तशी नोंद करतो.

चादर: बेडशीट आम्ही प्रत्येक पाहुण्यानंतर बदलतो. पांघरायच्या चादरी मात्र यात्रेच्या गर्दीत तशा बदलल्या गेल्या नाहीत. ही आमची चूक आहे. आता दोन्ही एकत्रच बदलले जातात.

बिल: खोल्यांचे ७,२००, जादा गादीचे ६०० आणि ५ टक्के जीएसटीचे ३९० असे ८,१९० रुपये झाले. बिलात हे वेगवेगळे दाखवले आहे, पण फोनवर पूर्ण रक्कम सांगणे आमचे काम होते आणि ते झाले नाही. म्हणून गादीचे ६०० आणि त्यावरचा कर ३० असे ६३० रुपये आपण ज्या खात्यातून पैसे दिले होते, तिथेच परत पाठवले आहेत. यापुढे बुकिंग करताना करासह एकूण रक्कम मेसेजवर लिहून दिली जाईल.

मंदिर: एरवी रिक्षाने दहा मिनिटे लागतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी जवळचे रस्ते वाहनांना बंद असतात, त्यामुळे लांबून जावे लागते. हे आपल्याला आधी सांगायला हवे होते.

पार्किंग: हॉटेल पार्किंगचे पैसे घेत नाही आणि बिलातही ते नाहीत. आमच्या दारात कोणी आपल्याकडून १०० रुपये घेतले असतील तर कृपया कळवा, आम्ही चौकशी करू. आवारात तशी पाटीही लावली आहे.

काउंटरवर आपल्याशी जे बोलणे झाले, त्याने आपण दुखावलात. त्याबद्दल क्षमस्व. संबंधित सहकाऱ्याशी मी स्वतः बोललो आहे.

आणखी काही सांगायचे असेल तर बिलावरच्या क्रमांकावर फोन करा, मीच उचलेन. पुन्हा सोलापूरला, अक्कलकोटला किंवा तुळजापूरला येणे झाले तर आपले स्वागत आहे.
हॉटेलचा मालक»

जीएसटीवर तुम्ही चिडणार, म्हणून सांगते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, हे मी मुद्दाम लिहिलं नाही. त्यांची तक्रार कर जास्त असल्याची नाही, आधी सांगितला नाही याची आहे. चारचे पाच झाले तेही गाळलं, कारण गादीचे पैसे परत करतोच आहोत. पार्किंगचं मात्र सोडलं नाही. तिथे त्यांचा समज चुकलाय आणि गप्प बसलो तर सगळे तो खराच मानतील. फक्त «खोटं» हा शब्द नको. बाहेर कोणीतरी पावती फाडून पैसे घेतले असणार, यात्रेत असे लोक फिरतात.

दोन गोष्टी उत्तर टाकण्याआधी व्हायला हव्यात. ६३० रुपये आधी जाऊ द्या, कारण आपण «परत पाठवले आहेत» असं लिहितोय. आणि पार्किंगची पाटी आजच लावून घ्या. रंगाऱ्याला मी सांगितलंय, संध्याकाळपर्यंत देतो म्हणाला. पैसे पाठवल्यावर त्यांना फोन करून «आता तेवढं काढून टाका» असं म्हणू नका. पैशाच्या बदल्यात रिव्ह्यू काढायला सांगणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि त्यांनी तेही लिहिलं तर मग मी काही करू शकणार नाही.

हीटर चारला लागतो की नाही ते उद्या पहाटे तुम्ही स्वतः बघा. मामीला उठवू नका.

तुमची भाची